दोन प्रकारचे इन्सुलिन मिसळून त्वचेखाली देणे : स्किल लॅब सत्राची अध्ययन उद्दिष्टे

वर्ग : बी.एस्सी. नर्सिंग, दुसरे वर्ष. स्थळ : कॉलेजची स्किल लॅब, सोलापूर. 24 विद्यार्थी, सहा-सहाच्या चार तुकड्या. वेळ अडीच तास.

पूर्वतयारी : हात धुणे, औषध देण्याचे नियम आणि ग्लुकोमीटर वापरणे झालेले असावे. सरावाच्या व्हायलमध्ये डिस्टिल्ड वॉटर भरले आहे. एनपीएचसाठी त्यात दुधाचे थोडे थेंब घातले आहेत, म्हणजे गढूळपणा डोळ्यांना दिसतो. प्रत्येक व्हायलवर ‘फक्त सरावासाठी’ असे लेबल आहे.

‘समजून घेईल’, ‘माहीत होईल’ ही क्रियापदे मुद्दाम टाळली आहेत. समजले की नाही हे निरीक्षकाला तपासयादीवर टिपता येत नाही.

स्मरण (सत्राआधी, 5 प्रश्नांची तोंडी चाचणी)

1. न वाचता रेग्युलर आणि एनपीएच यांचा परिणाम सुरू होण्याचा व सर्वाधिक असण्याचा काळ सांगेल : रेग्युलर सुमारे 30 मिनिटांत सुरू, 2 ते 4 तासांत सर्वाधिक, एनपीएच 1 ते 3 तासांत सुरू, 4 ते 12 तासांत सर्वाधिक.
2. मॅनिकिनवर इंजेक्शनच्या चार जागा दाखवेल आणि पोटावर बेंबीभोवतीची 5 सेंमी जागा सोडेल.

आकलन

3. आधी स्वच्छ आणि मग गढूळ इन्सुलिन का ओढायचे, हे स्वतःच्या शब्दांत सांगेल. उत्तरात ‘एनपीएच रेग्युलरच्या व्हायलमध्ये गेले तर पुढच्या प्रत्येक डोसचा वेग बदलतो’ हा मुद्दा यायलाच हवा. ‘पुस्तकात तसे आहे’ याला गुण नाहीत.

उपयोजन (सत्रातला सर्वाधिक, 70 मिनिटांचा वेळ यालाच)

4. ‘रेग्युलर 8 युनिट + एनपीएच 14 युनिट, जेवणाआधी 30 मिनिटे’ असा लेखी आदेश मिळाल्यावर 40 युनिटच्या सिरिंजमध्ये 10 मिनिटांत, मदतीशिवाय डोस तयार करेल. क्रम असा : एनपीएचची व्हायल तळहातांत हलकेच 10 वेळा घोळवणे (हलवून फेस आणू नये), एनपीएचमध्ये 14 युनिट हवा, रेग्युलरमध्ये 8 युनिट हवा, रेग्युलर 8 ओढणे, बुडबुडे काढणे, मग एनपीएच ओढून एकूण 22 च्या रेषेवर थांबणे. 22 च्या पुढे गेल्यास जादा भाग व्हायलमध्ये परत न ढकलता सिरिंज टाकून पुन्हा सुरुवात करेल. ही चूक हमखास होते आणि घाईत मूल परत ढकलतेच. निरीक्षकाने नजर तिथेच ठेवावी.
5. पॅडवर त्वचेची चिमूट धरून योग्य कोनात इंजेक्शन देईल : पुरेशी चरबी असल्यास 90, बारीक रुग्णाला 45 अंश. सुईला टोपण न लावता सिरिंज सुईसकट पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात टाकेल.

विश्लेषण

6. पुढील प्रसंगातून साखर न उतरण्याची कारणे वेगळी काढेल आणि प्रत्यक्ष गेलेला डोस हिशेब करून दाखवेल.

पूर्व भागातील विडी वळणाऱ्या, तेलुगूभाषक आजी, वय 58. आदेश 20 युनिट. घरी 40 युनिट प्रति मिली असलेली व्हायल. नातवाने औषधाच्या दुकानातून 100 युनिटच्या सिरिंज आणल्या. आजी ‘20’ च्या रेषेपर्यंत भरतात. उपाशीपोटी साखर 290. पोटाच्या उजव्या बाजूला टणक गाठ. रोज तिथेच टोचतात, कारण दुखत नाही.

अपेक्षित उत्तर : त्या सिरिंजमध्ये 20 ची रेषा म्हणजे 0.2 मिली, म्हणून 0.2 × 40 = 8 युनिट. शिवाय गाठीतून इन्सुलिनचे शोषण अनियमित होते. दोन्ही कारणे सांगणाऱ्यालाच पूर्ण गुण. फक्त ‘सिरिंज चुकीची’ म्हटले तर अर्धे.

मूल्यमापन

7. सहाध्यायीचे प्रात्यक्षिक तपासयादीने पाहून ‘लगेच थांबवावे’ आणि ‘नंतर सांगावे’ अशा दोन प्रकारांत चुका विभागेल व प्रत्येकीचे कारण देईल. पहिल्या प्रकारात चुकीची सिरिंज, व्हायलमध्ये परत ढकललेले औषध आणि सुईला टोपण लावणे या तीन चुका असायलाच हव्यात. इंजेक्शनची जागा न नोंदवणे दुसऱ्या प्रकारात चालेल, पण ते वगळून चालणार नाही.

निर्मिती या सत्रात ठेवलेली नाही. अडीच तासांत पोस्टर करायला लावले तर हातातली सिरिंज सुटते आणि रंगखडू येतो. पुढच्या आठवड्याच्या कम्युनिटी पोस्टिंगसाठी एकच उद्दिष्ट : वरील आजींना घरच्या मंडळींसमोर समजेल अशी तीन मिनिटांची समजावणी दुभाष्याच्या मदतीने तयार करेल. त्यात साखर 70 च्या खाली गेल्यास तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून देणे व 15 मिनिटांनी पुन्हा तपासणे, आणि शेवटी आजींकडून कृती करून घेणे, हे असेल.

उद्दिष्ट 4 किंवा 5 मध्ये गंभीर चूक झाल्यास त्याच आठवड्यात फेरसराव होईल. तोवर वॉर्डमध्ये इन्सुलिन देण्याची परवानगी नाही.