विषय : कातळशिल्पांवरच्या गेस्ट लेक्चर्सचं रेकॉर्डिंग मिळण्याबाबत

मॅडम, नमस्कार.

मी सायली, एम.ए. दुसऱ्या वर्षाची सीआर. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात बुध-गुरु-शुक्र असे तीन दिवस जी गेस्ट लेक्चर्स झाली, त्यांच्या रेकॉर्डिंगची कॉपी आमच्या वर्गातल्या 11 जणांसाठी हवीय, म्हणून हे लिहितेय. सगळे तिन्ही दिवस गैरहजर नव्हते, कोणाचा एक दिवस गेला कोणाचे दोन, पण राजापूर, लांजा आणि संगमेश्वरकडून येणाऱ्यांचे मात्र तिन्ही गेले. त्या आठवड्यात काय पाऊस होता ते तुम्ही पाहिलंच आहे, राजापुरात अर्जुना-कोदवलीचं पाणी बाजारात शिरलेलं, एसटी डेपोतून सुटत नव्हती, आणि लाईट नाही तर ऑनलाइन जॉइन तरी कुठून होणार. त्यामुळे दांडी मारली असं प्लीज कोणी समजू नये.

नोट्स फिरवून काम भागेल असं आधी वाटलं होतं. माझ्या नोट्स मी ग्रुपवर टाकल्या पण. पण खरं सांगू का, या लेक्चर्सचं नोट्समध्ये काहीच राहत नाही, कारण सर बोलत होते त्याच्यापेक्षा दाखवत जास्त होते. कशेळीच्या हत्तीचंच बघा, साधारण 18 मीटर लांब आकृती आणि तिच्या पोटात बाकीचे प्राणी, मासे कोरलेले, ते सर स्क्रीनवर बोट फिरवून एकेक वेगळं करून दाखवत होते आणि माझ्या वहीत फक्त "आत लहान आकृत्या" एवढंच आहे! तसंच एकाच खोदरेषेचे दुपारचे आणि संध्याकाळचे फोटो शेजारी ठेवलेले. डोक्यावर ऊन असताना जांभ्यावर काही म्हणजे काही दिसत नाही आणि तिरपा उजेड आला की कड उठून येते. हे वाचून कोणाला कळणार, बघायलाच पाहिजे.

शिवाय इंटर्नलची 20 मार्कांची असाइनमेंट यावरच आहे. युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत 2022 ला आपल्या ज्या जागा गेल्या, महाराष्ट्रातल्या 8 आणि गोव्यातलं फणसायमाळ, त्यातली एक निवडून लिहायचंय आणि त्या कशा निवडल्या ते शुक्रवारच्या लेक्चरमध्ये होतं. आमच्यातली एक मुलगी देवीहसोळच्या बाजूच्या वाडीतली आहे, म्हणजे लेक्चर तिच्या घरामागच्या सड्यावर आणि तीच नेमकी नाही. सड्यावर जाऊन बघ म्हणावं तर आत्ता तिथे गवत आणि शेवाळ, दिवाळीपर्यंत काही दिसायचं नाही.

आता परवानगीचं. सरांच्या स्लाइड्समध्ये काही ट्रेसिंग अजून छापून आलेली नाहीत आणि काही जागांचं लोकेशन त्यांनी मुद्दाम सांगितलं नव्हतं, ते बाहेर जाऊ नये हे आम्हाला मान्य आहे. त्यांना आधी विचारायला लागत असेल तर जरूर विचारा, तेवढा भाग कापून दिलात तरी चालेल, किंवा फक्त विभागात बसून बघायला दिलंत तरी बघू (पण मग लांबून येणाऱ्यांची परत पंचाईत, म्हणून शक्यतो कॉपीच). यूट्यूबवर किंवा ग्रुपवर कोणी टाकणार नाही, 11 जणांची नावं आणि सह्या असलेला कागद सोबत जोडलाय.

लिंक दिलीत तर ती डाउनलोड होणारी असू दे, कारण वाडीवर रेंज कधी येते कधी जाते आणि दीड तासाचं लेक्चर तिथे ऑनलाइन बघणं म्हणजे गोल फिरत राहणार नुसतं. गुरुवारचं झूमवर होतं, झूमच्या रेकॉर्डिंगमध्ये व्हिडिओबरोबर नुसत्या आवाजाची m4a फाईल पण बनते, ती असेल तर तीही द्या, मोबाईलवर ऐकायला बरी पडते. बाकी दोन दिवसांचं हॉलमधल्या कॅमेऱ्यावर आहे, त्या फायली मोठ्या असणार, म्हणून 64 जीबीचा पेनड्राइव्ह ऑफिसात शिपाईकाकांकडे देऊन ठेवलाय. तो exFAT करून दिलाय, नाहीतर जुने FAT32 वाले 4 जीबीच्या वरची फाईल घेतच नाहीत आणि कॉपी अर्ध्यावर अडकते.

असाइनमेंट 20 ऑगस्टला द्यायचीय, त्यामुळे 8 तारखेपर्यंत मिळालं तर फार बरं होईल. आणि रेकॉर्डिंग द्यायचं नाही असं ठरलं तर तेही लवकर कळवा, म्हणजे मग त्या 11 जणांना तारीख वाढवून द्या म्हणून वेगळा अर्ज करते.

आपली,
सायली
सीआर, एम.ए. दुसरं वर्ष

ता.क. : पेनड्राइव्हवर माझं नाव चिकटवलंय, आत आधीचं काही नाही, सगळा रिकामा आहे.