अभिरूप युवा विधानसभा : परिचय आणि भूमिका, सदस्य क्रमांक सात (शब्दशः नोंद)

अध्यक्ष : पुढच्या सदस्या, माजलगाव मतदारसंघ. नाव, पार्श्वभूमी आणि भूमिका. वेळ 40 सेकंद. घंटा वाजली की थांबायचं. त्यानंतर उपप्रश्न होतील.

कोमल तिडके : अध्यक्ष महोदया, मी कोमल तिडके, वय 20, धारूर तालुक्यातली. अंबाजोगाईत बी.ए. करते. माझे आईवडील ऊसतोड कामगार. सातवीपर्यंत दिवाळी झाली की माझी शाळा सुटायची आणि कारखान्याचा पट्टा पडून हंगाम संपला की परत भरायची. मुकादमाच्या वहीत आमचं घर म्हणजे नवराबायको मिळून एक कोयता, वडिलांच्या नावावर. माझी आई सुमन त्या वहीत कुठेच नाही. माझी भूमिका : कोयते मोजू नका, माणसं मोजा. तोडीला निघणाऱ्या प्रत्येक बाईची तिच्या नावाने नोंद व्हावी, मजुरी तिच्या खात्यावर यावी आणि तिच्या मुलाचं नाव गाडी हलायच्या आधी तिकडच्या शाळेत चढावं. ही नोंद दाखवल्याशिवाय कारखान्याला गाळप परवाना देऊ नये. धन्यवाद.

(घंटा)

अध्यक्ष : वेळेत झालं. उपप्रश्न. शिरोळचे सन्माननीय सदस्य.

सदस्य, शिरोळ : अध्यक्ष महोदया, मी ऊस उत्पादकाच्या घरातला आहे. कारखाना करार करतो तो वाहतूकदाराशी. टोळी आणतो मुकादम. मग ज्यांच्याशी कारखान्याचा करारच नाही, त्यांच्या नोंदीसाठी कारखान्याचा परवाना का अडवायचा? तोडणी लांबली तर वजन घटतं, उतारा घटतो. नुकसान शेतकऱ्याचं होतं.

कोमल तिडके : सदस्यांनी सांगितलेली साखळी बरोबर आहे. कारखाना उचल देतो वाहतूकदाराला, वाहतूकदार मुकादमाला, मुकादम कोयत्याला. पैसा तीन हातांतून खाली येतो आणि नाव मात्र एकाही हातातून वर जात नाही. पण काट्यावर गाडी आली की पावती होते. कोणत्या गटातला ऊस, कोणत्या वाहनात, किती टन, हे सगळं त्याच दिवशी कारखान्याला कळतं. उसाचा हिशोब किलोपर्यंत ठेवता येतो, तर तो तोडणाऱ्या माणसांची यादीही ठेवता येते.

आणि शेतकऱ्याचं नुकसान मलाही नको आहे. म्हणून तर मी हंगामाच्या मध्यावर धाडी टाका असं म्हटलेलं नाही. पुण्याच्या साखर आयुक्तालयातून परवाना निघतो तो गाळपाच्या आधी. उचल तर त्याच्याही कितीतरी आधी, पावसाळ्यातच वाटली जाते. म्हणजे यादी करायला हातात महिने असतात.

कायद्याचंही सांगते. 1979 चा स्थलांतरित कामगारांचा कायदा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांसाठी केला गेला. धारूरची टोळी बेळगावकडे गेली तर त्या कायद्याच्या नजरेत ती स्थलांतरित ठरायची, आणि आपल्याच शिरोळला आली तर नाही. मधली वाट मात्र शेकडो किलोमीटरची, आणि राहायची कोपी तीच, पाचटाची.

अध्यक्ष : दुसरा उपप्रश्न. पाथर्डीच्या सदस्या… क्षमा करा, मतदारसंघ शेवगाव-पाथर्डी.

सदस्या, शेवगाव-पाथर्डी : महोदया, आमच्याकडूनही टोळ्या जातात. बाईच्या खात्यावर पैसे आले तरी कार्ड नवऱ्याच्याच खिशात राहील. मग नोंदीने तिच्या दिवसात काय फरक पडणार?

कोमल तिडके : कार्ड पहिल्या वर्षी नवऱ्याच्याच खिशात राहील, हे मी मान्य करते. तरीही नोंद हवी. कारण आज तिने एक दिवस काम बुडवलं तर खाडा पूर्ण कोयत्याचा धरला जातो. ती आजारी आहे, तिची पाळी आहे, ती बाळंत झाली आहे, याला वहीत रकानाच नाही. डोकी सेंटरला बाई मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. माझी आई अंगात ताप असताना चढली आहे. त्या दिवशी मी खाली उभी होते, धाकटा भाऊ माझ्या कडेवर होता.

2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची पाहणी झाली. 82 हजारांहून जास्त महिलांची माहिती घेतली, त्यात 13 हजारांहून जास्त महिलांची गर्भाशयं काढलेली निघाली. हा आकडा तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने वाचला. पण तो कळायला सरकारला घरोघर माणसं पाठवावी लागली. कारण कामाच्या जागी या बायकांची नोंदच नव्हती. नाव असतं तर सुट्टी मागता आली असती, विमा मागता आला असता, निदान अपघात झाल्यावर ही आमची कामगारच नाही असं कोणाला म्हणता आलं नसतं.

अध्यक्ष : शेवटचा उपप्रश्न. शिक्षणावर कोणाला विचारायचं आहे?

सदस्य, परळी : महोदया, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहांची योजना आहे. 41 तालुक्यांत 82 वसतिगृहं मंजूर आहेत. हंगामी वसतिगृहंही आहेत. मूल गावातच राहून शिकू शकतं. मग त्याचं नाव दुसऱ्या शाळेत चढवायची गरज काय?

कोमल तिडके : वसतिगृहांचं मी मनापासून स्वागत करते. आठवीपासून मी स्वतः गावी राहिले, म्हणून आज इथे उभी आहे. पण सहा वर्षांचं लेकरू आईला सोडून राहत नाही. आणि दहा वर्षांची मुलगी राहायला तयार असली तरी तिला ठेवत नाहीत, कारण तान्ह्या भावाला सांभाळायला कोपीवर कोणीतरी लागतं. ती मुलगी मी होते. पहाटे आईवडील फडात गेले की झोळी हलवायची, पाणी भरायचं, दुपारी भाकरी घेऊन फडात जायचं.

चौथीत असताना मी तिकडच्या एका शाळेत आपली आपण गेले होते. चार दिवस मागे बसले. पाचव्या दिवशी बाईंनी प्रेमानेच सांगितलं की, बाळा, तुझं नाव पटावर नाही. नाव नाही म्हणून पुस्तक नाही आणि पोषण आहारातही नाव नाही. त्या बाईंचा राग मला तेव्हाही आला नाही. पुढे वाचताना कळलं की 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे, दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. बाईंनाही बहुधा नव्हतं. म्हणून माझं म्हणणं आहे की मुलाने शाळा शोधत जायची वेळ येऊ नये. टोळीची यादी जिथे जाते तिथल्या केंद्रप्रमुखांकडे मुलांची यादी आधी पोहोचली पाहिजे.

सदस्य, शिरोळ : अध्यक्ष महोदया, परवानगी असेल तर. या ठरावाला मी अनुमोदन द्यायला तयार आहे. एकच दुरुस्ती सुचवतो. परवाना अडवण्याऐवजी यादी हंगाम संपेपर्यंत द्यावी, असं करावं.

कोमल तिडके : सदस्यांचे आभार मानते, पण ही दुरुस्ती मी स्वीकारणार नाही. हंगाम संपेपर्यंत मुलाचं वर्ष गेलेलं असतं. यादीचा नमुना सोपा करा, एका पानाचा करा, ग्रामसेवकांची सही चालू द्या, या सगळ्याला माझी तयारी आहे. तारीख मात्र गाळपाच्या आधीचीच राहील.

सदस्य, शिरोळ : एका पानाचा नमुना, सही गावातच, कारखान्याकडे फक्त प्रत. असं असेल तर अनुमोदन देतो.

अध्यक्ष : नोंद घेतली. दुपारी तीनपर्यंत दोघांच्या सहीने ठराव लेखी द्या. सदस्य क्रमांक आठ, 40 सेकंद.