गोंदेश्वर, सिन्नर: दारापासून गाभाऱ्यापर्यंत (निवेदन)

(दृश्य: सकाळचं ऊन, तटाचं दार)

दारातच थांबा जरा. मागे सिन्नरचा बाजार, रिक्षांचे हॉर्न. समोर यादवांच्या काळातलं काळ्या दगडाचं शिवपंचायतन. मधोमध महादेव, चार कोपऱ्यांत विष्णू, सूर्य, गणपती आणि पार्वती. प्रवेशद्वार म्हणजे शीव. घरदार, देणंघेणं इथवर.

(दृश्य: पायाकडून शिखराकडे)

आत जायच्या आधी मान वर करा. शिल्पशास्त्रात देऊळ हाच देवाचा देह. भिंतीला म्हणतात जंघा, वर ग्रीवा, आणि शिखराच्या पुढच्या भागाला शुकनास, पोपटाच्या चोचीसारखं नाक! तळाशी हत्तींची रांग आहे. सगळा भार जणू त्यांच्याच पाठीवर.

(दृश्य: नंदीमंडप)

नंदीला स्वतंत्र मंडप आहे. त्याची नजर थेट पिंडीवर. म्हणून नंदी आणि देव यांच्या मधून जायचं नाही, असं आपली आजी सांगते. शिंगांमधून बघायची रीतही त्यातलीच: आपली नजर नंदीच्या नजरेला जोडायची.

(दृश्य: सभामंडप, खांब)

सभामंडपात ऊन तिरपं येतं. खांबांवर नक्षी, माणसं, प्राणी, सगळा संसार दगडात उतरलेला. पुष्कळ देवळांत इथे जमिनीवर कासव असतं. कासव पाय आत ओढून घेतं, तशी इंद्रियं आवरायची, गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला दृष्टान्त. आपण मात्र त्याला हात लावून, कपाळाला लावून पुढे जातो.

(दृश्य: अंतराळ, मग उंबरा, जवळून)

पुढे अंतराळ. मंडप आणि गाभारा यांच्यामधली चिंचोळी जागा, चार पावलांची.

आणि हा उंबरा. शिवमंदिरांच्या उंबऱ्यावर बटबटीत डोळ्यांचं एक तोंड दिसतं, ते कीर्तिमुख. धड नाही, हातपाय नाहीत. कथा अशी: महादेवांनी एक भुकेलं भूत निर्माण केलं. भक्ष्य सुटलं, तेव्हा ते म्हणालं, आता मी खाऊ काय? महादेव म्हणाले, स्वतःलाच खा. त्यानं खाल्लं, उरलं फक्त तोंड. महादेव प्रसन्न झाले आणि त्याला आपल्या दारात कायमची जागा दिली. माझ्या मते अख्ख्या देवळातलं सगळ्यात धीट शिल्प हेच. म्हणून त्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडायचं.

(दृश्य: गाभारा, फक्त समईचा उजेड)

वाका. दार बुटकं आहे.

गाभारा, म्हणजे गर्भगृह. खिडकी नाही. बाहेर तसूभर जागा मोकळी न सोडणारा कारागीर इथे हात आवरतो, भिंती साध्याच ठेवतो. बरोबर डोक्यावर शिखराचं टोक, पायाशी पिंडी.

डोळे अंधाराला सरावेपर्यंत काही दिसणार नाही. घाई करू नका.

(निवेदन थांबते. अभिषेकपात्रातून पडणाऱ्या थेंबांचा आवाज, वीस सेकंद.)