प्रकरण अभ्यास : गावपातळीवरील दूध संस्थेतील संकलन, दरनिश्चिती आणि सभासदांचा लाभ

पश्चिम महाराष्ट्रातील एका गावातील, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 अन्वये नोंदलेली ही प्राथमिक दूध संस्था 180 सभासदांकडून दररोज सरासरी 900 लिटर गायीचे दूध गोळा करून जिल्हा संघाला पुरवते.

संकलन सकाळ-संध्याकाळ होते. सभासदाने किटली काट्यावर ओतली की कर्मचारी दूध ढवळून नमुना घेतो; यंत्रावर फॅट आणि एसएनएफ, म्हणजे दुधातील फॅट सोडून उरलेले घन घटक, मोजले जातात आणि वजन, प्रत व रक्कम दाखवणारी पावती हातात पडते. काटा किलो दाखवतो, बिल मात्र लिटरवर निघते. दुधाची घनता साधारण 1.03 असल्याने 10.3 किलो दूध 10 लिटर धरले जाते. हे रूपांतर पावतीवर छापलेले नसेल, तर सभासदाला माप मारल्याची शंका येते आणि ती रास्तच म्हणावी लागेल. जमा झालेले दूध शीतकरण टाकीत सुमारे 4 अंश सेल्सिअसला थंड करून टँकरने संघाकडे जाते.

संस्थेचा दर 3.5 फॅट व 8.5 एसएनएफ या प्रतीला लिटरमागे 34 रुपये आहे. त्याहून वरच्या प्रत्येक 0.1 फॅटला 30 पैसे मिळतात, तर एसएनएफ 0.1 ने घटल्यास 50 पैसे कापले जातात. म्हणजे 4.0 फॅट आणि 8.3 एसएनएफ असलेल्या दुधाला 34 + 1.50 − 1.00 = 34.50 रुपये दर पडतो. नुसत्या फॅटवर दर ठरवला असता, तर पाणी घातलेल्या पण फॅट टिकून असलेल्या दुधालाही पूर्ण पैसे द्यावे लागले असते. बिल दर दहा दिवसांनी बँक खात्यात जमा होते. पशुखाद्याची उधारी त्यातूनच वळती होते.

या संस्थेचा खरा लाभ लाभांशात शोधू नये. कायद्यानुसार निव्वळ नफ्याचा किमान एक चतुर्थांश भाग राखीव निधीत जातो आणि लाभांशावर 15 टक्क्यांची मर्यादा आहे. वर्षाला 3,000 लिटर दूध घालणाऱ्या आणि 1,000 रुपयांचे भाग असलेल्या सभासदाला लाभांशापोटी फार तर 150 रुपये मिळतील. संघाकडून आलेला लिटरमागे 1.20 रुपये दर फरक, म्हणजे आधी दिलेल्या दरावरची जादा रक्कम, मात्र दिवाळीपूर्वी 3,600 रुपये देऊन जातो. परतावा भांडवलावर नव्हे, तर व्यवहारावर मिळतो. मतदानात मात्र दोन लिटरवाला आणि वीस लिटरवाला सारखेच, प्रत्येकी एकच मत.

उन्हाळ्यात दूध घटले की खासगी संकलक लिटरमागे 2 रुपये जादा देतो आणि काही सभासद तिकडे वळतात. हिवाळ्यात दूध वाढल्यावर तोच संकलक दर पाडतो, तेव्हा ही मंडळी परत येतात.

चर्चेसाठी प्रश्न
1. दर फरक खर्च मानावा की नफ्याची वाटणी? संस्थेच्या नफ्या-तोट्यावर प्रत्येक पर्यायाचा काय परिणाम होईल?
2. वर्षभर दूध घालणाऱ्याला आणि हंगामी सभासदाला समान दर फरक द्यावा का? उपविधीत बदल सुचवा.