उद्याच्या शाफ्टचं ड्रॉइंग मशीनवर जायच्या आधी एकदा वाच

अरे, उद्या सकाळी तुला तो १८० लांबीचा शाफ्ट लावायचाय ना, ड्रॉइंग दिलंय तुझ्याकडे, पण मी बघितलं तू सरळ लांबी आणि फाय बघून टूल काढायला निघालास. थांब जरा. आधी हे बघ की या शाफ्टवर काय काय बसणारे. दोन्ही टोकांना फाय ३० आहे तिथे बेअरिंग बसतंय, मधला फाय ४० नुसता कॉलर आहे, त्याला काहीच टेकत नाही, बेअरिंग फक्त त्याच्या खांद्याला टेकतं. म्हणजे जीव लावायचा तो दोन्ही ३० वर आणि त्या खांद्यांवर.

आता फाय ३० च्या पुढे के६ लिहिलंय. अक्षर सांगतं टॉलरन्स कुठे आहे आणि आकडा सांगतो तो किती रुंद आहे. लहान अक्षर म्हणजे शाफ्ट, मोठं अक्षर म्हणजे होल, यात गल्लत करू नकोस. ३० ला के६ म्हणजे प्लस ०.०१५ आणि प्लस ०.००२, म्हणजे साइज ३०.००२ ते ३०.०१५ च्या मधे पाहिजे. दोन्ही प्लस आहेत हे बघितलंस का? बरोबर ३०.००० केलास तर तुला वाटेल एकदम परफेक्ट झालं, पण जॉब रिजेक्ट, कारण बेअरिंगची आतली रिंग तिथे घट्ट बसायला हवी, सैल राहिली तर शाफ्टवर सरकत राहते आणि सीट घासून जाते. सगळी जागा मिळून १३ मायक्रॉन, म्हणून नेम मधे धर, ३०.००८ च्या आसपास. ०.०२ लीस्ट काउंटचा व्हर्नियर इथे चालणारच नाही, ०.००१ वाला मायक्रोमीटर घे आणि आधी झिरो चेक कर.

अजून एक, यात मी स्वतः शिकत असताना मार खाल्लाय. मशीनवरून गरम जॉब मोजायचा नाही. स्टील मीटरला एका डिग्रीमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं, म्हणजे हा ३० चा जॉब २० डिग्री जास्त गरम असला तर जवळजवळ ७ मायक्रॉन मोठा दिसतो, तुझ्या टॉलरन्सचा निम्म्याहून जास्त भाग त्यातच गेला. माझे चार शाफ्ट असेच थंड झाल्यावर खाली गेले होते. मटेरियल कमी झालं की परत येत नाही रे.

ज्या डायमेन्शनला काहीच टॉलरन्स नाही तिथे मोकळं रान नसतं, खाली टायटल ब्लॉकमधे आयएसओ २७६८ एम लिहिलंय ते बघ. त्यात ३० च्या वर १२० पर्यंत ±०.३ आणि १२० ते ४०० ला ±०.५, म्हणजे तुझा फाय ४० आणि एकूण लांबी यात येते. तिथे उगाच मायक्रॉनच्या मागे लागून वेळ घालवू नकोस.

फिनिशची खूण म्हणजे ती टिकमार्कसारखी. वर आडवी रेघ मारलेली असेल तर मटेरियल काढायलाच पाहिजे, खाचेत गोल असेल तर काढायचंच नाही, जसा आलाय तसा ठेवायचा. बेअरिंग सीटवर आरए ०.८ आहे, बाकी सगळीकडे ३.२. ०.८ आणि १३ मायक्रॉन एकत्र आलेत म्हणून आपण तो ग्राइंडिंगला पाठवतोय, तू टर्निंगमधे ३०.३ ठेव, वरचं ३०.००८ हे ग्राइंडिंगनंतरचं माप आहे. ३.२ लेथवर आरामात येतं, फक्त फीड बघ, खडबडीतपणा फीडच्या वर्गाने वाढतो, ०.८ नोज रेडियसला ०.२ फीडने रेघांची खोली हिशोबाने ६ मायक्रॉनच्या वर जाते, ०.१ केलं की दीडवर येते. नुसती स्पीड वाढवून ते होत नाही.

खांद्याच्या कोपऱ्यात आर ०.६ मॅक्स आहे, ते मॅक्स का ते लक्षात घे, तिथला रेडियस बेअरिंगच्या कोपऱ्यापेक्षा मोठा झाला तर बेअरिंग खांद्याला टेकतच नाही. म्हणजे तिथे ०.८ नोजचा इन्सर्ट नको, ०.४ वाला लाव.

आणि ती चौकटीतली खूण, तिरप्या बाणाची, ०.०२ ए-बी, तो रनआउट आहे. दोन्ही सीट एकमेकांशी एका लाइनीत फिरले पाहिजेत, म्हणून जॉब सेंटरमधे धरायचाय आणि सेंटर होल नीट, काठाला बर न ठेवता मार, ग्राइंडिंगवालासुद्धा त्याच होलवर धरणारे. चकमधे उलटून पालटून केलास तर ०.०२ मिळणं कठीण.

सकाळी पहिला जॉब झाला की थंड होऊ दे, मग मला हाक मार, दोघं मिळून मोजू.