उतारा वाचा आणि प्रश्नांची उत्तरे लिहा (इयत्ता सातवी)

आबांचं सहा एकर वावर यवतमाळ जिल्ह्यात, काळ्या जमिनीचं. वर्षानुवर्षं तिथे कापसाची पराटीच असायची. गेल्या हंगामात मात्र बोंडं वरून हिरवीगार, धरलेली दिसत. फोडली की आत गुलाबी अळी आणि डागाळलेली सरकी. अळी बोंडात शिरली की फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. निम्मा कापूस कवडीचा निघाला, भाव कमी मिळाला, वेचणीची मजुरी मात्र तेवढीच द्यावी लागली. त्यात दोन-तीन वर्षं आबा फरदड घेत होते, म्हणजे हंगाम संपला तरी पराटी न उपटता तिच्यावरच आणखी कापूस घेत होते. मार्चपर्यंत उभ्या राहिलेल्या पराटीवर अळीची सोय होत गेली.

“औंदा सोयाबीन पेरू,” आबा म्हणाले.

“आणि विहिरीचं पाणी?” सुनेनं विचारलं. प्रश्न नेमका होता. त्यांची विहीर संक्रांतीपर्यंतच साथ देते. सोयाबीन शंभरेक दिवसांत निघतं, मग ऑक्टोबरात हरभरा पेरता येतो आणि त्याला एक-दोन पाणी पुरतात. म्हणून चार एकरांत सोयाबीन आणि त्यावर हरभरा ठरला. उरलेल्या दोन एकरांत सोयाबीनच्या चार ओळींमागे तुरीच्या दोन ओळी. पावसानं दडी मारली तरी तुरीचं सोटमूळ खोल जातं, त्यामुळे सगळंच हातचं जात नाही.

बियाणं घरचंच होतं. सुनेनं 100 दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवले. सात दिवसांनी मोजले, तर 64 उगवलेले. सोयाबीनच्या दाण्याचं साल फार नाजूक. पोती ट्रॅक्टरवरून आदळली गेली होती. उगवण 70 टक्क्यांहून कमी भरल्यामुळे एकरी 30 ऐवजी 33 किलो बियाणं वापरायचं ठरलं.

जूनच्या पहिल्या सरीनंतर शेजाऱ्यांनी पेरणी उरकली. आबा 100 मिलिमीटर पाऊस होईपर्यंत थांबले. त्या पहिल्या सरीनंतर बारा दिवस पाऊस आलाच नाही आणि शेजाऱ्यांवर दुबार पेरणीची पाळी आली.

प्रश्न

1. फवारणी करूनही गुलाबी अळी का मेली नाही?

2. ‘फरदड घेतली’ हे कारण धरून त्याचे दोन परिणाम क्रमाने लिहा. दुसरा परिणाम पहिल्यातून निघाला पाहिजे.

3. परिणाम दिला आहे, कारण लिहा: एकरी 3 किलो बियाणं जास्त लागलं.

4. विहिरीचं पाणी उन्हाळाभर पुरलं असतं, तर आबांचा निर्णय बदलला असता का? उताऱ्यातला आधार द्या.

5. चूक की बरोबर, कारणासह सांगा: शेजाऱ्यांचं बियाणं खराब होतं, म्हणून त्यांना दुबार पेरणी करावी लागली.

6. ‘म्हणून’ आणि ‘त्यामुळे’ वापरून तुरीबद्दल दोन वाक्यं तयार करा.