ओंकारला पत्र : पेन फोटोतलं, निब मात्र मी लिहिते ती

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं तिकीट निघाल्याचं ताईने कळवलं. तू येणार हे ऐकून आनंद झाला, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्याच मिनिटाला तुझ्या काकांची एक मागणी पुढे आली. मागणी त्यांची, पत्र माझं. त्यांनी लिहिलं असतं तर तू उत्तरच दिलं नसतंस, कारण त्यांच्या मते 'शाईचं काळं पेन आण' एवढ्यात सगळं येतं. तसं ते येत नाही, म्हणून मी सविस्तर लिहिते आहे. जरा लांबेल, पण दुकानात उभं राहून मला फोन करावा लागला नाही म्हणजे झालं.

सोबत तीन फोटो पाठवले आहेत. पेन काकांच्या एका स्नेह्यांचं आहे. त्यांनी ते प्रुफं तपासायला दिलं आणि दोन दिवसांनी काकांकडून अक्षरशः काढून घ्यावं लागलं. पहिल्या फोटोत टोपण लावलेलं पेन आहे, दुसऱ्यात निब जवळून दिसते, तिसरा फोटो खोक्यावरच्या चिठ्ठीचा आहे.

पेन लॅमी कंपनीचं, मॉडेल सफारी. शाईचं पेन. हे दोनदा सांगण्याचं कारण असं की सफारी नावाने चार वस्तू विकतात : शाईचं पेन, रोलरबॉल, बॉलपेन आणि शिसपेन्सिल. रंगरूप सगळ्यांचं एकाच घरातलं. त्यातही शाईचं पेन आणि रोलरबॉल टोपण लावून शेजारी ठेवले तर सहज फसशील. दोन खुणा लक्षात ठेव. शाईच्या पेनाच्या टोपणाच्या माथ्यावर फुली असते, पहिल्या फोटोत ती नीट दिसते आहे. रोलरबॉलला तिथे फुली नसते, गोल खळगा असतो. दुसरी खूण नंबरची. आपल्याला हवा तो नंबर ०१७. याच रंगाचा रोलरबॉल ३१७, बॉलपेन २१७ आणि पेन्सिल ११७. म्हणजे शेवटचे दोन आकडे रंगाचे आणि पहिला आकडा वस्तूचा. तो शून्यच हवा.

रंगाबद्दल. काळा म्हणू नकोस, म्हणालास तर दुकानदार भलतंच पेन काढून देईल. सफारीत चकचकीत काळं पेन वेगळं मिळतं, त्याची क्लिप चंदेरी असते. आपल्याला हवा आहे तो कोळशासारखा करडा-काळा, बिनचमकेचा, हाताला किंचित खरखरीत लागणारा. त्याची क्लिपही काळी आणि निबही काळी. या रंगाला काही ठिकाणी 'चारकोल' म्हणतात आणि काही ठिकाणी 'अंब्रा'. रंग एकच, नावं दोन. तिसऱ्या फोटोतल्या चिठ्ठीवर अंब्रा आहे. तुला चारकोल दिसलं तर 'हे ते नव्हे' म्हणून परत फिरू नकोस.

आणखी एक जुळं भावंड आहे, अल-स्टार नावाचं. आकार हुबेहूब सफारीचा, पण अंग ॲल्युमिनियमचं आणि बोटं टेकतात तो भाग धुरकट पारदर्शक. त्यातला ग्रॅफाइट रंग फोटोत अगदी आपल्या रंगासारखा वाटतो. विकणारे तो 'वरच्या दर्जाचा' म्हणून पुढे करतात. असेल वरचा, आपल्याला नको. काकांना प्लास्टिकचंच हवं. ते हलकं आहे आणि दिवसभर हातात राहतं.

आता मुख्य गोष्ट, निब. इथे फोटोवर जाऊ नकोस. दुसऱ्या फोटोतल्या निबेवर तिची जाडी सांगणारं एफ अक्षर आहे, कारण स्नेह्यांचं पेन एफचं आहे. आपल्याला त्याहून बारीक, ईएफ हवी. बाकी सगळ्या बाबतीत फोटो प्रमाण मान, निबेच्या बाबतीत हे पत्र प्रमाण मान.

कारण सांगते, म्हणजे 'एवढ्याने काय फरक पडतो' असं तुला वाटणार नाही. काका प्रुफाच्या समासात लिहितात. बोटभर जागा, त्यात जोडाक्षरं. जाड निबेने 'ध' आणि 'घ' यांच्या गाठी शाईने भरून जातात आणि जुळारी विचारत बसतो की हे नक्की काय आहे. रोमन अक्षरांना जी निब बारीक वाटते ती देवनागरीला बारीक असतेच असं नाही; आपल्याला शिरोरेघेखाली बरंच काही कोंबायचं असतं. त्यात या कंपनीच्या निबा जपानी पेनांच्या मानाने जाड उठतात. त्यांची एफ ही जपानी एमच्या आसपास जाते, असा काकांचा अनुभव. एफने त्यांचं भागलं, पण ओढूनताणून. एकदा एका ऑनलाइन दुकानातून ईएफ मागवलं होतं. खोक्यावर ईएफ, आत निब एम. ते परत करण्यातच महिना गेला, आणि आता इथे या रंगात ईएफ मिळतच नाही.

म्हणून पैसे देण्याआधी टोपण काढून निबेवरचं अक्षर स्वतःच्या डोळ्यांनी वाच. ते निबेच्या पाठीवर कोरलेलं असतं, अगदी लहान. काळ्या निबेवर तर उजेडात तिरकं धरल्याशिवाय दिसत नाही. एलएच असं दिसलं तर ती डावखुऱ्यांची निब. काका उजवे आहेत, हे तुला त्यांच्या हातच्या चापट्यांवरून आठवत असेल.

ईएफ निब बसवलेलं ०१७ तयार नसेल तर निराश होऊ नकोस. या पेनाची निब सरळ पुढे ओढली की निघते आणि दुसरी तशीच सरकवून बसवता येते. सुटी ईएफ निब वेगळी विकत मिळते. दुकानात बदलून देत असतील तर उत्तम, नाहीतर पेन आणि निब दोन्ही घेऊन ये, इथे काका बसवतील. ईएफ निब काळी नसली, चंदेरी असली, तरी चालेल. काळ्या पेनाला पांढरी निब म्हणजे थोडं विजोड दिसेल, पण लिहिताना दिसणं कोण बघतं? उलट काळी निब आहे पण एमची आहे, असं मात्र नको.

हाच रंग मुळीच मिळाला नाही तर तो चकचकीत काळा घे, त्यातही ईएफच. तोही नसेल तर काहीही आणू नकोस. लाल, पिवळं, पांढरं नको. ही कंपनी दरवर्षी सफारीचा एखादा खास रंग काढते, तो बहुधा काउंटरवर समोरच मांडलेला असेल आणि विकणारा त्याचं कौतुक करेल. कौतुक ऐक आणि पुढे हो. 'मावशीला काहीतरी न्यायचं' म्हणून जवळपासचं उचलून आणलंस तर ते कपाटात पडून राहील आणि मला दर दिवाळीला त्याच्यावरची धूळ पुसावी लागेल.

पेनाबरोबर एक कन्व्हर्टर लागेल, म्हणजे बाटलीतली शाई पेनात ओढून घ्यायची नळी. हा बऱ्याचदा खोक्यात नसतो, वेगळा घ्यावा लागतो. त्याचा नंबर झेड २८, फिरवायची मूठ लाल असते आणि बाजूला दोन बारीक कान असतात, जे पेनातल्या खाचांत बसतात. झेड २७ घेऊ नकोस. तो याच कंपनीच्या दुसऱ्या पेनांचा, त्याला कान नाहीत. कन्व्हर्टर एकच पुरे. सुट्या कार्ट्रिज नकोत आणि शाईची बाटली तर अजिबात नको. त्यांच्या बाटलीच्या बुडाशी टिपकागदाची गुंडाळी असते, ती फार गोड दिसते आणि काका नक्की मोहात पडतील, पण सामानात शाई फुटली तर तुझे शर्ट गेले. शाई इथे हवी तेवढी आहे.

ऑनलाइन बघायचं असेल तर शोधताना हे असंच्या असं टाक :

```
LAMY safari fountain pen 017 charcoal EF
```

charcoal टाकून काही आलं नाही तर त्या जागी umbra टाक. मागवण्याआधी त्या पानाचा स्क्रीनशॉट मला पाठव, निब निवडायचा रकाना दिसेल असा. कित्येक ठिकाणी तो आपोआप एमवर असतो आणि बदलायचा राहून जातो. शक्य असेल तर दुकानातूनच घे. फार स्वस्तात कुणी देत असेल तर सोडून दे, या पेनाच्या नकला पुष्कळ फिरतात.

नवीन पेन उघडशील तेव्हा टोपणाखाली, नळी आणि पुढचा भाग यांच्या मध्ये, पुठ्ठ्याचं एक लहान वळं दिसेल. ते काढू नकोस. त्या वळ्यामुळे नळी पूर्ण आवळली जात नाही आणि आतली कार्ट्रिज फुटत नाही. ते काढून नळी घट्ट केलीस की कार्ट्रिजला भोक पडून शाई सुरू होते आणि मग विमानात ती कुठे वाहील ते सांगता येत नाही. पेन हातातल्या बॅगेतच ठेव. खोकं जड वाटलं तर टाकून दे, पण बिल जपून आण.

पैशांचं बोलते. ताई म्हणाली, 'तो घेणार नाही.' घ्यायचे. तू घेतले नाहीस तर काका पुढच्या वेळी मागणार नाहीत आणि मग मला त्यांचं तोंड बघावं लागेल. बिलाचा फोटो पाठवलास की त्याच दिवशी रक्कम तुझ्या इथल्या खात्यात जमा करते. कन्व्हर्टर, सुटी निब, जे काय होईल ते सगळं मिळून सांग.

तुझ्या कामाची घाई असेल तर हे सगळं शेवटच्या दिवसावर ठेवू नकोस, आणि जमलंच नाही तर मोकळेपणाने कळव. पेनावाचून काही अडलेलं नाही, स्नेह्यांचं पेन अधूनमधून मिळतंच. सौ. मीनल कशी आहे? तिला बरोबर आणणार आहेस की एकटाच येतो आहेस, हे ताईलाही नीट ठाऊक दिसत नाही.

तुझी,
सुमन मावशी

ता. क. : काका म्हणतात, दुकानात लिहून बघायला पेन ठेवलेलं असेल तर त्यातल्या ईएफने एका कागदावर 'क्ष', 'ष्ट्र' आणि 'द्ध' बारीक अक्षरात लिही आणि त्याचा फोटो पाठव. नवीन पेनात शाई भरू नकोस, दुकानातल्याच पेनाने लिही. गाठी मोकळ्या दिसल्या तर घे, नाहीतर ते आधी फोटो बघतील आणि मग सांगतील. मी त्यांना म्हटलं, पोराला नोकरी आहे. पण जमलं तर लिही.